अठरा वर्षं झाली, सतरा दिवस उरले

*ताई, नमस्कार. येत्या १४ जूनला माझ्या भाचीला अठरावं लागतंय. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, ती तिथेच असते. मतदार यादीचा अर्ज भावाने मार्चमध्येच ऑनलाइन भरून ठेवलाय. दिवाळीनंतर गावात ग्रामपंचायत लागेल असं म्हणतात, म्हणजे तिचं पहिलं मतदान. घरात प्रत्येक गोष्टीवर हिचं मत तयार! माझे वडील पंच्याहत्तरीचे, अजूनही मतदानाला सकाळी पहिल्या रांगेत असतात. वाढदिवसाला दोन्हींचं मिळून एक कॅप्शन हवंय, गंभीर पण हलकंफुलकं. मी लिहिलंय: "अठरावं लागलं गं बाई! आजपासून मतदार राजा! एका मताने गाव बदलणार!" फोटो मतदार कार्ड हातात धरून काढू म्हणते. गावातला एक जण फ्लेक्सही लावतो म्हणतोय, तोच पुढे पॅनेलमधून उभा राहणार आहे. जमलंय का?*
*— एक आत्या, विश्रामबाग, सांगली*

विश्रामबागच्या आत्या,

तुमचा उत्साह कॅप्शनमध्ये उतरलाय, पण त्यातल्या तिन्ही वाक्यांत एकेक चूक आहे. या चुका शोधताना मलाच तुमच्या पत्रात याहून चांगलं कॅप्शन सापडलं. म्हणून एकेक वाक्य घेऊन सांगते.

पहिलं वाक्य "अठरावं लागलं". आपल्याकडे वय दोन तऱ्हेने सांगतात. मूल जन्मलं की त्याला पहिलं लागतं आणि पहिल्या वाढदिवसाला एक पूर्ण होऊन दुसरं लागतं. या हिशेबाने तुमच्या भाचीला अठरावं लागलं ते गेल्या वर्षीच्या १४ जूनला. यंदा तिला अठरा पूर्ण होतायत आणि एकोणिसावं लागतंय. एरवी घरात कुणी हा हिशेब धरत नाही, आणि धरूही नये. पण मतदानाच्या बाबतीत सगळी भानगड "लागलं" आणि "पूर्ण झालं" यातच आहे. यादीला अठरा पूर्ण लागतात. "अठरावं लागलं" म्हणून मत द्यायला निघालेली मुलगी कायद्याच्या भाषेत सतरा वर्षांची असते. गावातल्या एखाद्या जुन्या मास्तरांनी तुमचं कॅप्शन वाचलं, तर ते खाली हेच लिहितील. तेव्हा "अठरा पूर्ण" किंवा साधं "अठरा वर्षं झाली" असं लिहा.

दुसऱ्या वाक्यात "आजपासून" आहे, आणि इथे मला जरा थांबावं लागेल. वाढदिवसाच्या दिवशी कुणीच मतदार होत नाही. यादीसाठी वर्षात चार तारखा ठरलेल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सरकारी भाषेत याला अर्हता दिनांक म्हणतात. अठरा पूर्ण झाल्यानंतर यातली जी तारीख पहिली येईल, त्या तारखेच्या हिशेबाने नाव यादीत जातं. सतरा पूर्ण झाली की अर्ज आधीच देता येतो, आणि तुमच्या भावाने तेच केलंय. पण अर्ज मार्चमध्ये दिला म्हणून नाव मार्चमध्ये चढत नाही. १४ जूननंतरची पहिली तारीख १ जुलै, म्हणजे वाढदिवसानंतर बरोबर सतरा दिवसांनी. त्यानंतर अर्जाची छाननी होते, बीएलओ पडताळणी करतात आणि मग नाव येतं. कार्ड त्याच्याही नंतर. म्हणजे १४ जूनला कार्ड हातात धरून फोटो काढायचं म्हटलं, तर त्या दिवशी कार्डच नसेल.

अठरावा वाढदिवस आणि पहिलं मतदान एकाच दिवशी आलं, तर किती छान दिसेल! पण तसं होणं जवळजवळ अशक्य. लोकसभा किंवा विधानसभा असेल, तर उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस गेला की निवडणूक संपेपर्यंत यादीत नवं नाव घेत नाहीत. म्हणजे नाव मतदानाच्या बरंच आधी यादीत असायला हवं, आणि त्याच्याही आधी अठरा पूर्ण झालेली असायला हवीत. एकोणिसावा वाढदिवस मतदानाच्या दिवशी येऊ शकतो. अठराव्याच्या वाट्याला ते येत नाही. तेव्हा दोन्हींचं मिळून एक कॅप्शन हा विचार सोडा. कॅप्शन दोन करा. पहिलं वाढदिवसाचं, त्यात वाट पाहणं असेल. दुसरं मतदानाच्या संध्याकाळचं, आणि तोपर्यंत ते तुमच्या फोनमध्येच राहील.

हे मी इतकं ठासून सांगतेय, कारण आमच्याच घरात हे झालंय. माझा पुतण्या मिरजेचा, ऑगस्ट २००७ चा. गेल्या ऑगस्टमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली, अर्ज दिला, यथावकाश कार्ड घरी आलं. १५ जानेवारी २०२६ ला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं मतदान होतं. पठ्ठ्याने सकाळी उठल्याउठल्या कार्डाचा फोटो टाकला, खाली "पहिलं मतदान, आज मीही मोजला जाणार". आजीला घेऊन केंद्रावर गेला. आजीचं नाव निघालं, याचं निघेना. दोनदा शोधलं, शेजारच्या खोलीतली यादीही पाहिली. चूक आमचीच होती, आम्ही कुणी आधी पाहिलंच नव्हतं. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी असलेली विधानसभेची यादी प्रभागवार फोडून वापरतो. त्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. पुतण्या त्या दिवशी सतरा वर्षांचा होता. मतदानाच्या दिवशी तो अठरा वर्षं आणि जवळजवळ पाच महिन्यांचा होता, खिशात कार्ड होतं, विधानसभेच्या यादीत नावही होतं, पण महापालिकेच्या यादीत नव्हतं. आजीने मत दिलं आणि तो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. सकाळची पोस्ट त्याने तिथेच उभ्या उभ्या काढून टाकली. मत हुकल्याचं दुःख होतंच, पण पोस्ट काढावी लागल्याचं त्याला जास्त लागलं. तोवर कॉलेजच्या सगळ्या पोरांनी अभिनंदन करून ठेवलं होतं.

आता तुमच्या भाचीचं पाहा. दिवाळीनंतर ग्रामपंचायत लागलीच, तर तिचं नाव तिथल्या यादीत येईल की नाही, ते आयोग कोणती तारीख धरतो त्यावर ठरेल. म्हणून वाढदिवसाच्या कॅप्शनमध्ये कोणत्याही निवडणुकीचं नाव घालू नका. "येत्या ग्रामपंचायतीला भेटू" असलं तर मुळीच नको.

भावाला तीन कामं सांगा. अर्ज भरल्यावर मिळालेला संदर्भ क्रमांक त्याने जपून ठेवला असेल, तर तो voters.eci.gov.in वर टाकून अर्ज कुठवर आला ते पाहता येतं. जुलै सरत आला की तिथेच भाचीचं नाव शोधायचं. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळते का तेही बघायचं, कारण मराठीत बरोबर असलेलं आडनाव इंग्रजीत हमखास बिघडतं. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच राहून जातं. ग्रामपंचायतीची प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की ती जाऊन वाचायची. त्या यादीवर हरकत घ्यायला थोडे दिवस मिळतात. नाव या प्रभागाऐवजी त्या प्रभागात गेलंय, किंवा विधानसभेच्या यादीत असून इथे गळलंय, एवढंच त्या हरकतीने दुरुस्त होतं. नवं नाव तिथे घालून मिळत नाही. वाड्यावस्त्यांवरच्या घरांची नावं शेजारच्या प्रभागात जाणं काही नवं नाही. तुमचं माहेर मळ्यात असेल, तर आवर्जून बघा.

आता "मतदार राजा". हा शब्द उमेदवारांचा. मतदानाआधीचे पंधरा दिवस स्पीकरवरून ऐकू येतो, मग पाच वर्षं ऐकू येत नाही. मागणारा दुसऱ्याला राजा म्हणतो ते ठीक, पण स्वतःच्या भाचीच्या वाढदिवसाला आपणच तो शब्द वापरला की तो फ्लेक्सवरून उचलल्यासारखा वाटतो. आणि पोरीचं प्रत्येक गोष्टीवर मत तयार असतं असं तुम्हीच लिहिलंय. तिला राजा व्हायचंय का, हेही एकदा विचारा.

"एका मताने गाव बदलणार" यातली चूक गावात राहणाऱ्या माणसाला लगेच कळेल. ग्रामपंचायतीला एकच मत नसतं. सरपंच थेट निवडायचा, त्याचं एक मत. प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, त्या प्रत्येक जागेचं एकेक मत. म्हणजे भाचीला तीन किंवा चार बटणं दाबायची आहेत. एखादी जागा बिनविरोध झाली तर त्यातलं एक कमी. पहिल्यांदा जाणारी मुलं एक बटण दाबून निघतात, आणि मागून आवाज येतो, "अगं थांब, अजून आहे." हे तिला आधी सांगून ठेवा. कॅप्शनमध्ये "पहिलं मत" नको, "पहिलं मतदान" म्हणा, म्हणजे सगळी मतं त्यात आली.

आणि बिनविरोध हा शब्द निघालाच आहे म्हणून सांगते. तुमच्या भागात गावकरी देवळात बसून अख्खी ग्रामपंचायत बिनविरोध करतात, असंही होतं. तसं झालं तर मतदानच होत नाही. भाचीचं नाव यादीत असेल, नवा ड्रेस शिवून तयार असेल, आणि रविवारी केंद्राला कुलूप. म्हणून दुसरं कॅप्शन पक्कं करायचं ते उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपल्यावर. त्या दिवशी चिन्हं वाटली गेली की समजायचं, मतदान होणार.

गंभीर पण हलकं कसं लिहायचं हा तुमचा खरा प्रश्न. माझ्या अनुभवात हलकेपणा उद्गारचिन्हांतून येत नाही, घरातली एखादी नेमकी गोष्ट सापडली की आपोआप येतो. तुमच्या पत्रात अशा दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही तुम्ही कॅप्शनबाहेर ठेवल्यात.

एक तुमचे वडील. ते पंच्याहत्तरीचे, म्हणजे त्यांना अठरा पूर्ण झाली तेव्हा अठराला मत नव्हतं. एकवीस लागायची. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून एकवीसचं अठरा झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या लोकसभेला देशभरातल्या अठरा ते वीस वयाच्या मुलांनी पहिल्यांदा मत दिलं. तुमचे वडील तोवर चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. ज्यांना तीन वर्षं जास्त थांबावं लागलं ते आजोबा पहिल्या रांगेत, आणि नात घरातल्या घरात वाट बघतेय, हे चित्रच इतकं बोलकं आहे की त्याला विशेषण लागत नाही.

वाट पाहण्याचा हिशेबही घरातच आहे. २०२२ च्या ऑगस्टपर्यंत वर्षातून एकच तारीख धरायचे, १ जानेवारी. तेव्हा १४ जूनला अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पुढच्या १ जानेवारीपर्यंत, म्हणजे २०१ दिवस थांबावं लागायचं. तुमचं किंवा तुमच्या वहिनींचं नाव पहिल्यांदा यादीत आलं ते असंच, कुठल्यातरी १ जानेवारीच्या हिशेबाने. भाचीला सतराच दिवस आहेत. अठरा वर्षं आणि सतरा दिवस, हे आकडे शेजारी ठेवले की ओळ तयारच आहे:

अठरा वर्षं झाली, सतरा दिवस उरले.

वाचणारा क्षणभर अडखळतो, सतरा कसले म्हणून विचारतो, आणि तुम्हाला यादीची तारीख सांगायची संधी मिळते. त्याच्या खाली आजोबा येऊ द्या:

आजोबांना मतासाठी एकवीस लागली होती, हिचं अठरात भागलं.

दोन ओळी पुरेत. तिसरी लिहायचा मोह होईल, तो आवरा. मी तिसरी लिहून पाहिली होती: "घरात मत पहिल्यापासून आहेच, आता यादीत येतंय." वाईट नाही, पण वरच्या दोन ओळींतले आकडे तिच्यामुळे दबतात. आणि ती गोष्ट दुसऱ्या कॅप्शनसाठी राखून ठेवायला हवी.

या दोन ओळींसोबत फोटो आजोबा आणि नातीचा घ्या. अंगणात, दाराच्या पायरीवर, कुठेही. आजोबांनी डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं तरी पुरे, शाई नसली तरी लोकांना कळतं. केकचा फोटो वेगळा टाका.

फ्लेक्सबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला ती गोष्ट लहान वाटत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीचा चौकात फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून पॅनेलमधून उभं राहू पाहणाऱ्याचं नाव, आणि त्याच दिवशी तुमची मतदानावरची पोस्ट. दोन्ही एकत्र वाचलं की तिचं मत कुणाला, हे गावाने तिच्याआधीच ठरवून टाकलं. भावकीतली दोन घरं दोन पॅनेलमध्ये असली, तर तिला पुढचे सहा महिने एका घरी चहाला जाताना विचार करावा लागेल. तिचं नाव अजून यादीत आलेलं नाही, आणि तिच्या मतावर कुणीतरी आधीच हक्क सांगतोय. त्या माणसाला सांगा, शुभेच्छा तोंडी चालतील, घरी येऊन भडंग खा आणि जा. तो चांगला असेल तर समजून घेईल.

कार्ड आल्यावर त्याचाही फोटो टाकू नका, अगदी मतदानाच्या दिवशीसुद्धा. त्यावर तीन अक्षरं आणि सात अंकांचा क्रमांक असतो, वडिलांचं नाव असतं, मागे पत्ता असतो. वाढदिवसाच्या पोस्टमुळे जन्मतारीख आधीच जगजाहीर झालेली असते. एवढं सगळं एका मुलीबद्दल एका जागी ठेवायचं कारण नाही. मतदानाची चिठ्ठीही तशीच, तिच्यावर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो.

आता दुसरं कॅप्शन. आपल्या भाषेने इथे मोठी सोय करून ठेवलीय. मनात असतं तेही मत आणि पेटीत जातं तेही मत. घरात तिचं प्रत्येक गोष्टीवर मत तयार असतं, हे तुमचं वाक्य मी वाचलं आणि तिथेच थांबले. मी आधी लिहिलं, "आजवर तिचं मत ऐकलं, आज मोजलं." हे बरं आहे, पण कुणालाही सुचेल असं आहे, आणि खरंही नाही, कारण मोजणी त्या दिवशी नसते. मग लक्षात आलं की केंद्रावर तिच्यासोबत एक उलटीच गोष्ट होणार आहे. घरात कुणी न विचारता बोलणारी मुलगी, तिला पहिल्यांदाच अख्खं गाव रीतसर विचारणार, आणि ती ते कुणालाही सांगणार नाही. सांगायचंच नसतं. पडद्याआड जायचं, बटणं दाबायची आणि गप्प बाहेर यायचं. मतदानाचा गाभा या गुप्ततेत आहे, आणि ती तुमच्या भाचीच्या स्वभावाच्या नेमकी उलट आहे. म्हणून ओळ अशी:

घरात न विचारता मत सांगणारी आमची पोरगी. आज गावाने रीतसर विचारलं, तर कुणालाच सांगितलं नाही.

हे वाचून घरातले हसतील, आणि ज्यांना गुप्ततेचं मोल ठाऊक आहे ते मान डोलावतील. यात पक्ष नाही, पॅनेल नाही, चिन्ह नाही, शाईसुद्धा नाही. शाई मी मुद्दाम टाळलीय. लोकसभा-विधानसभेला डाव्या हाताच्या तर्जनीवर नखापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढतात. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून सुरुवातीला जांभळट दिसणारी रेघ उजेडात काळपट होते, धुऊन जात नाही आणि नखावरची खूण नख वाढेल तशी वर सरकत जाते. पण जानेवारीत महापालिकेला इकडे मार्कर पेनने खूण केली होती. बोटावर काय येईल ते त्या दिवशी कळेल. ओळ शाईवर बेतलेली असली तर अडचण होते, वरची ओळ कशावरच अडत नाही.

फोटो केंद्राच्या आवाराबाहेर येऊन काढायचा. मोबाइल आत चालत नाही. यंत्राचा किंवा बटण दाबतानाचा फोटो तर कुठल्याही परिस्थितीत नाही, कारण ज्या गुप्ततेवर आपलं कॅप्शन उभं आहे तीच मोडते. बाहेर फोटो काढताना मागे कुणाचं टेबल, झेंडा किंवा उपरणं घातलेला मामा येत नाही ना, ते बघा. उपरण्याचा रंग दिसला की "कुणालाच सांगितलं नाही" या ओळीत काही राहत नाही. आणि पोस्ट संध्याकाळी मतदान संपल्यावर टाका. दिवसभर लोक केंद्रावर येत असतात, घरच्या माणसांचे फोटो तोवर थांबू शकतात.

ग्रामपंचायत बिनविरोध झाली, किंवा तिचं नाव त्या यादीच्या तारखेत बसलं नाही, तर दुसरं कॅप्शन तसंच ठेवून द्या. त्यात ना तारीख आहे ना निवडणुकीचं नाव. "गावाने"च्या जागी पुढे "तालुक्याने" किंवा "देशाने" घातलं की झालं. तेव्हा ती कदाचित एकोणीस वर्षांची असेल, ओळीला त्याने काही होत नाही.

एक विचारायचं राहिलं: पोस्ट तुमच्या खात्यावरून जाणार की तिच्या? तुमच्या खात्यावरून जाणार असेल, तर दोन्ही कॅप्शन आधी तिला पाठवा. पहिल्यात तिच्या वयाचा हिशेब आहे, दुसऱ्यात तिच्या स्वभावाची गोष्ट आहे, तिला विचारायलाच हवं. तुम्ही तिला जितकी ओळखता त्यावरून वाटतं, दोन्हींवर तिचं मत तयार असेलच.